नफा १२ लाख, खात्यात २ लाख: मामाच्या काजू कारखान्याचा कॅश फ्लो जुळत नाहीये

काजूबी

नमस्कार. मी टीवायबीकॉमला आहे. आमच्या सरांनी खऱ्या धंद्याचे आकडे घेऊन कॅश फ्लो स्टेटमेंट करायला सांगितलंय. वेंगुर्ल्याजवळ माझ्या मामाचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. मामाने ताळेबंद दिला आणि वर म्हणाला, "तू शिकतेस ना, मग मला एवढंच सांग. सीए म्हणतात १२ लाख नफा झाला. मग बँकेत गेल्या वर्षी ९ लाख होते ते या मार्चला २ लाख कसे?" त्यांचे सीए कॅश फ्लो बनवत नाहीत, छोट्या कंपनीला कायद्याने सक्ती नाही म्हणाले.

सगळे आकडे लाखांत आहेत. आधी गेल्या वर्षीचा, मग या ३१ मार्चचा.

यंत्रं, इमारत (घसारा वजा जाता): ४० → ६१
स्टॉक: २२ → ४५
येणी: १८ → ३१
रोख आणि बँक: ९ → २
भागभांडवल: २० → २०
राखीव: १८ → २८
टर्म लोन: २५ → ४०
सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज खातं: १२ → २८
देणी (क्रेडिटर्स): १३ → २१.५
भरायचा आयकर: १ → १.५

नफा-तोट्यातून: करापूर्वीचा नफा १६, कर ४, म्हणून १२. त्यातून २ लाख लाभांश वाटला. घसारा ६, बँकेचं व्याज ७ (सगळं भरलंय). जुना ड्रायर पुस्तकात २ लाखांचा होता, तो ३ लाखांना विकला, म्हणून १ लाख नफा. टर्म लोन नवीन २० घेतलं, जुन्यातलं ५ फेडलं. कर प्रत्यक्षात ३.५ भरला.

मी असं केलं. तीन कप्पे केले: रोजच्या धंद्याचा पैसा ऑपरेटिंग, यंत्रांसारख्या मालमत्तेचा इन्व्हेस्टिंग, कर्ज-भांडवलाचा फायनान्सिंग. करापूर्वीचा नफा १६, अधिक घसारा ६, अधिक व्याज ७, वजा स्टॉकवाढ २३, वजा येणीवाढ १३, अधिक देणीवाढ ८.५, वजा भरलेला कर ३.५. ऑपरेटिंग आलं उणे २. इन्व्हेस्टिंगमध्ये यंत्रं २१ ने वाढली म्हणून उणे २१, ड्रायरचे अधिक ३, म्हणजे उणे १८. फायनान्सिंगमध्ये २० - ५ + १६ - ७ - २ = अधिक २२. एकूण अधिक २. पण बँक तर ७ ने कमी झालीय! ९ लाखांचा फरक दोन दिवस शोधतेय.

---

धडाकेबाज

तुझी सुरुवातच चुकली. करानंतरच्या नफ्यापासून, म्हणजे १२ पासून सुरू करायचं असतं. आणि घसारा हा पैशाचा स्रोत आहे हे लक्षात ठेव. जितका घसारा जास्त तितका कॅश फ्लो चांगला. म्हणूनच मोठ्या कंपन्या घसारा वाढवून दाखवतात. घसाऱ्याचा आकडा पुन्हा तपास, तिथेच घोळ असणार.

---

लालपेन

मी बँकेत कर्ज विभागात २६ वर्षं काढली, असे ताळेबंद रोज हातात यायचे. काजूबी, तुझा ९ चा फरक तुझ्याच आकड्यांत बसलेला आहे. त्याचे तीन तुकडे आहेत: १, ६ आणि २.

आधी १. ड्रायर विकून ३ लाख आले. ते तू इन्व्हेस्टिंगमध्ये पूर्ण ३ धरलेस, ते बरोबर. पण त्यातला १ लाख नफा म्हणून तुझ्या १६ मध्येही बसलाय. म्हणजे तोच रुपया दोन कप्प्यांत मोजला गेला. वर १६ मधून तो १ काढ. तो पैसा आला नाही असं मुळीच नाही, त्याची जागा खालच्या कप्प्यात आहे एवढंच. ऑपरेटिंग उणे ३ होईल.

आता ६ आणि २. यंत्रं ४० वरून ६१ झाली म्हणून तू २१ ची खरेदी धरलीस. पण ४० हा आकडा वर्षभर स्वस्थ बसलेला नव्हता. त्यातून विकलेल्या ड्रायरचे २ गेले आणि घसाऱ्याचे ६ गेले, उरले ३२. ३२ चे ६१ व्हायला २९ ची यंत्रं आणावी लागली. मामांना बिलं विचार, २९ च्या आसपासच निघतील. म्हणजे इन्व्हेस्टिंग उणे २९ अधिक ३, उणे २६.

आता बेरीज कर: उणे ३, उणे २६, अधिक २२. उणे ७. नऊचे दोन.

कर्जाचे अर्ज आले की नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त दिसायची. ताळेबंदातल्या दोन आकड्यांची वजाबाकी करून तिलाच रोख समजायचं. चांगला नियम असा की स्थिर मालमत्ता, कर्ज आणि राखीव या तिघांचं छोटं खातं कागदावर मांडायचं: सुरुवात, आलं, गेलं, शेवट. तुझ्या टर्म लोनचं तू तसं केलंस (२५ + २० - ५ = ४०), म्हणून ते चुकलं नाही.

धडाकेबाज, १२ पासून सुरू केलं तरी चालतं, फक्त मग नफ्यातून वजा झालेला ४ कर आधी परत मिळवायचा आणि भरलेला ३.५ वेगळा वजा करायचा. उत्तर तेच. एएस ३, म्हणजे कॅश फ्लोचं भारतीय लेखा मानक, करापूर्वीच्या नफ्यापासून सुरू करून दाखवतं, म्हणून तिच्या परीक्षेसाठी १६ सोयीचं.

पण घसारा पैसे आणतो हे मान्य नाही. करून बघा. समजा मामांच्या सीएंनी घसारा ६ ऐवजी १२ लावला. मग करापूर्वीचा नफा १६ चा १० होईल. १० अधिक घसारा १२ अधिक व्याज ७ वजा ड्रायरचा १: येतात २८. आधी? १६ अधिक ६ अधिक ७ वजा १: तेही २८. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. जो आकडा वजा करताना तिजोरी उघडलीच नव्हती, तो आपण परत मिळवतो, बस्स. आयकराला मान्य असलेला घसारा वाढला तर कर कमी भरावा लागतो, तेवढा फायदा खरा आहे. पण तो कराचा, घसाऱ्याचा नाही.

---

बागायतदार

माझा अनुभव सांगतो. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. आम्ही सगळा व्यवहार बँकेतून करतो, रोखीत काही नाही. मग आम्हाला हे रोखीचं विवरण लागूच होत नाही ना? दुसरं म्हणजे, गेल्या हंगामात व्यापारी माल घेऊन गेला, अर्धे पैसे दिले, उरलेल्यांसाठी फेऱ्या मारतोय. तिसरं, ट्रॅक्टरचा हप्ता वर्षाला २ लाख ४० हजार जातो. मी तो सगळा खर्चात धरतो आणि म्हणतो की या वर्षी तोटा झाला. मुलगा म्हणतो तोटा नाही. कोण बरोबर?

---

सीएइंटर_दुसरा_प्रयत्न

दादा, इथे रोख म्हणजे फक्त नोटा नाहीत. बँकेतलं चालू खातं त्यातच येतं. तीन महिन्यांच्या आत मिळणारी, किंमत फारशी हलणार नाही अशी ठेवसुद्धा धरतात. खात्यातून मुदत ठेवीत एक महिन्यासाठी पैसे टाकले तर या विवरणात काहीच दिसणार नाही, कारण रोख रोखच राहिली. तीच ठेव एक वर्षाची असेल तर इन्व्हेस्टिंगमध्ये उणे दिसेल.

हप्त्याचं उत्तर: दोघंही अर्धे बरोबर आहात. हप्त्यातलं व्याज हा खर्च आहे, मुद्दल नाही. ट्रॅक्टरचा खर्च घसाऱ्याने नफ्यात येतो आणि मुद्दलाची परतफेड फायनान्सिंगमध्ये जाते. म्हणून मुलगा म्हणतो तसं नफा असेलही. पण खात्यातून २ लाख ४० हजार गेलेत ही तुमची ओढाताणही खरी आहे. तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय.

---

बागायतदार

म्हणजे मुलाला सांगू ना, की नफा आहे पण आपल्याजवळ नाही? व्यापाऱ्याकडचे अडकलेले पैसे मी उत्पन्नात धरलेच नाहीत, मिळाले की धरीन.

---

लालपेन

तुम्ही पैसे हातात आले की उत्पन्न धरता. ट्रॅक्टर आणि कर्ज सोडलं तर तुमच्याकडे नफा आणि रोख यांत अंतर पडायला जागाच कमी आहे. काजूबीच्या मामांची कंपनी आहे, तिथे माल गेला की विक्री लिहायची, पैसे मिळोत न मिळोत. तिच्या येण्यांमधले ३१ लाख म्हणजे तुमच्या त्या व्यापाऱ्यासारख्यांकडेच असलेले पैसे. फरक एवढाच की मामांनी ते नफ्यात धरून त्यावर करही भरलाय.

---

काजूबी

लालपेन ताई, जुळलं! उणे ७ आलं. खूप खूप आभार. मी रात्री मामाला फोन करून सांगितलं: माल आणि उधारी वाढली त्यात पैसा अडकला, यंत्रांत निव्वळ २६ गेले, कर्जातून व्याज आणि लाभांश वजा जाता २२ आले. मामा म्हणाला हे पहिल्यांदा कुणीतरी मला मराठीत सांगितलं.

स्टॉक एवढा का वाढला तेही विचारलं. या वर्षी बी लवकर आली. मार्चमध्ये भाव बरा वाटला म्हणून त्याने दरवर्षीपेक्षा जास्त उचलली. बागायतदार बी घालतात तेव्हा पैसे लगेच मागतात, उधारी चालत नाही. आणि त्याचा गर मात्र पुण्या-मुंबईचे घाऊक व्यापारी ६० दिवसांच्या उधारीवर नेतात.

---

धडाकेबाज

मग निष्कर्ष सरळ आहे. नफा अधिक १२ आणि ऑपरेटिंग उणे ३. नफ्यात अंदाज असतात, घसारा किती, स्टॉकची किंमत किती, कोणती उधारी बुडणार. रोखीत अंदाज नसतो. बँकेचं पासबुक खोटं बोलत नाही. म्हणून मी कोणत्याही कंपनीचा फक्त ऑपरेटिंग कॅश फ्लो बघतो, नफ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

---

सीएइंटर_दुसरा_प्रयत्न

काजूबी, एक प्रश्न. देणी १३ वरून २१.५ झालीत. त्यात यंत्र देणाऱ्या डीलरचे पैसे बाकी आहेत का? मी मागच्या प्रयत्नात नेमका हाच मुद्दा सोडला होता, त्यामुळे आता पहिल्यांदा तेच शोधतो.

---

काजूबी

मामाला विचारलं. हो! कटिंग मशीनच्या डीलरचे ३ लाख द्यायचे आहेत, ते मशीन नीट चाललं की देणार. ते क्रेडिटर्समध्येच आहेत. पण बेरीज तर जुळली आहे, मग काय फरक पडतो?

---

सीएइंटर_दुसरा_प्रयत्न

फरक कप्प्याचा पडतो. ८.५ ची देणीवाढ तू पूर्ण ऑपरेटिंगमध्ये धरलीस. याचा अर्थ असा झाला की माल, डबे, वाहतूक यांची उधारी एवढी वाढली म्हणून धंद्यात पैसा राहिला. पण त्यातले ३ मशीनचे आहेत. धंद्याची देणी फक्त ५.५ ने वाढली. आणि २९ च्या यंत्रांपैकी हातातून गेले फक्त २६. उरलेले ३ ज्या वर्षी देतील त्या वर्षीच्या इन्व्हेस्टिंगमध्ये येतील.

म्हणून ऑपरेटिंग उणे ६. इन्व्हेस्टिंग उणे २६ अधिक ३, म्हणजे उणे २३. फायनान्सिंग अधिक २२. बेरीज पुन्हा उणे ७.

बेरीज दोन्ही वेळा जुळली. पण पहिल्या वेळी धंद्याची ओढ खऱ्याच्या निम्मी दिसत होती. बेरीज जुळली की आपण पेन खाली ठेवतो, परीक्षेत तर नक्कीच. पण ती जुळणारच असते, कारण शेवटी ताळेबंदाच्या दोन बाजू समान आहेत. चुकीच्या कप्प्यात टाकलेला आकडा बेरजेत सापडत नाही.

---

सातसमुद्रापार

मी न्यू जर्सीत हिशेबाच्या क्षेत्रात आहे. धडाकेबाजांच्या "पासबुक खोटं बोलत नाही" वर लिहायलाच हवं, कारण वरचा ३ लाखांचा मुद्दा जगातल्या एका फार मोठ्या घोटाळ्याच्या दिशेने जातो.

वर्ल्डकॉम ही अमेरिकेतली टेलिफोन कंपनी. आपल्या ग्राहकाचा फोन दुसऱ्या कंपनीच्या तारांवरून न्यायचा तर त्या कंपनीला भाडं द्यावं लागतं. त्याला तिथे लाइन कॉस्ट म्हणत. हा रोजचा खर्च आहे, जसं मामांचं वीजबिल. वर्ल्डकॉमने २००१ मध्ये आणि २००२ च्या पहिल्या तीन महिन्यांत या खर्चाचा मोठा भाग खर्चातून उचलून मालमत्तेत टाकला, जणू नवीन यंत्रंच घेतली. जून २००२ मध्ये कंपनीने स्वतः जाहीर केलेली रक्कम ३.८ अब्ज डॉलरहून जास्त होती. पुढच्या महिन्यात दिवाळखोरी. नंतरच्या तपासात आकडा आणखी बराच वाढला.

आता कॅश फ्लोकडे बघा. पैसे तर खरोखर दिले होते, बँकेतून गेले होते. वर्षाअखेरची रोख खोटी करण्याची गरजच पडली नाही. पण ती रक्कम ऑपरेटिंगमधून निघाली आणि इन्व्हेस्टिंगमध्ये, यंत्रखरेदी म्हणून दिसली. नफा फुगला आणि त्याबरोबर ऑपरेटिंग कॅश फ्लोसुद्धा फुगला. जो माणूस नफ्यावर विश्वास न ठेवता फक्त ऑपरेटिंगचा आकडा बघत होता, तोही फसला. हे पकडलं कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षकांनी, सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मालमत्तेत मोठ्या रकमा चढवलेल्या होत्या आणि त्यांच्यामागे कागदच नव्हते.

बाहेरून बघणाऱ्याला काय दिसू शकतं? ऑपरेटिंगमधून यंत्रखरेदी वजा करून बघायची सवय लावा. खर्च या कप्प्यातून त्या कप्प्यात हलवला तरी वजाबाकी तीच राहते. मामांचं ते उणे ६ वजा २६, म्हणजे उणे ३२. आधीच्या मांडणीत उणे ३ वजा २९, तेही उणे ३२. बघा, ३ लाखांच्या चुकीने तो आकडा हलला नाही.

अजून एक. अमेरिकी नियमांत भरलेलं व्याज ऑपरेटिंगमध्ये जातं. तुमच्याकडे एएस ३ आणि मोठ्या कंपन्यांसाठीचं इंड एएस ७ दोन्हींत साध्या कंपनीचं भरलेलं व्याज फायनान्सिंगमध्ये. मामांचा कारखाना इथे असता तर ऑपरेटिंग उणे १३ आणि फायनान्सिंग अधिक २९ दिसलं असतं. कारखाना तोच, पैसे तेच. दोन देशांतल्या कंपन्यांची तुलना करताना आधी व्याज कुठे बसवलंय ते पाहा.

---

धडाकेबाज

वर्ल्डकॉमचं माहीत नव्हतं. एकूण रोख तीच ठेवून ऑपरेटिंग फुगवता येतं, हा मुद्दा मान्य. माझं वाक्य मागे घेतो. पण एवढं तरी धरून राहीन: नफा आणि ऑपरेटिंग यांच्यात वर्षानुवर्षं अंतर असेल तर नफ्याबद्दल शंका घ्यावी.

---

लालपेन

वर्षानुवर्षं असेल तर, हो. एका वर्षावरून नाही, आणि काजूच्या धंद्यात तर ३१ मार्चच्या एका दिवसावरून मुळीच नाही. कोकणात बी येते साधारण फेब्रुवारी ते मे. ३१ मार्च पडतो ऐन खरेदीत. गोदाम भरलेलं, तिजोरी रिकामी, हे चित्र त्या तारखेला दरवर्षीच थोडंफार असणार. हाच ताळेबंद दिवाळीनंतर काढला तर स्टॉक उतरलेला आणि बँक भरलेली दिसेल, आणि कारखाना मात्र तोच असेल.

मी कर्ज देणारीच्या खुर्चीतून बघते तेव्हा मला उणे ६ पेक्षा दुसरी गोष्ट जास्त बोचते. यंत्रांसाठी निव्वळ २३ लाख गेले. दीर्घ मुदतीचा पैसा किती आला? २० घेतले, ५ फेडले, म्हणजे १५. उरलेले ८ लाख कुठून आले? त्यात धंद्याची ओढ ६, व्याज ७ आणि लाभांश २ मिळवा, एकूण २३ लाखांची सोय करावी लागली. ती झाली सीसी खात्यातून १६ आणि शिल्लक रोखीतून ७. म्हणजे बी खरेदीसाठी दिलेल्या सीसीचा काही भाग यंत्रांत जाऊन बसला.

स्टॉकमधला पैसा गर विकला की परत येतो. कटिंग मशीनमधला पैसा येतो सात-आठ वर्षांत, थोडा थोडा. सीसीचं नूतनीकरण मात्र बँक दरवर्षी करते. पुढच्या मार्चला भाव चढा असला तर बी घ्यायला सीसीत जागा उरणार नाही. काजूबी, मामांना लाभांशाबद्दल बोलायच्या आधी हे सांग. यंत्रासाठी टर्म लोन थोडं जास्त मागितलं असतं तर सीसी मोकळं राहिलं असतं. अजूनही बँकेशी बोलता येईल.

---

सीएइंटर_दुसरा_प्रयत्न

ताई, सीसी फायनान्सिंगमध्येच धरायचं का, यावर माझं मत वेगळं आहे. इंड एएस ७ म्हणतं की मागताक्षणी परत करायचा ओव्हरड्राफ्ट जर रोख व्यवस्थापनाचाच भाग असेल तर तो रोखीतच धरायचा, उणे रोख म्हणून. तसं धरलं तर मामांची सुरुवातीची रोख ९ वजा १२, म्हणजे उणे ३, आणि शेवटची २ वजा २८, म्हणजे उणे २६. फायनान्सिंग फक्त अधिक ६ उरतं आणि वर्षाची घट ७ ऐवजी २३ दिसते. मला तर हेच चित्र खरं वाटतं. सीसी हे मामांचं रोजचं खातंच आहे, त्यातूनच सगळे चेक जातात.

---

लालपेन

त्याच परिच्छेदात असंही आहे की अशा खात्याची खूण म्हणजे शिल्लक कधी जमेत, कधी नावे म्हणजे उणे अशी हेलकावत असते. मामांचं सीसी वर्षभर नावेच असेल तर ते माझ्या मते कर्जच. शिवाय मामांच्या कंपनीला इंड एएस लागू नाही. एएस ३ मध्ये ओव्हरड्राफ्टची ती तरतूद नाही, आणि मी पाहिलेली बहुतेक विवरणं सीसी फायनान्सिंगमध्येच दाखवत. पण २३ चा आकडा तू आणि मी दोन वेगळ्या वाटांनी काढला, ही गोष्ट मला आवडली.

---

सीएइंटर_दुसरा_प्रयत्न

हेलकाव्याचा मुद्दा बरोबर आहे. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात खातं जमेत येत असेल तर? मग वाद पुन्हा उभा राहतो. खाते उतारा बघितल्याशिवाय मी हार मानणार नाही.

---

बागायतदार

मुलाशी बोललो. वहीची पानं तीन भागांत केली. बागेचं आलं-गेलं एकीकडे, ट्रॅक्टर आणि ठिबकची खरेदी दुसरीकडे, सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज तिसरीकडे. पहिल्या भागात पैसा उरतोय. तिसऱ्यात जास्त जातोय. एक शंका आहे: ठिबकच्या नळ्या दर तीन-चार वर्षांनी बदलाव्या लागतात, त्या पहिल्या भागात की दुसऱ्या?

---

सातसमुद्रापार

पूर्ण संच नवीन घातला आणि तो काही वर्षं चालणार असेल तर दुसऱ्यात. फुटलेल्या चार नळ्या बदलल्या तर पहिल्यात. मधल्या गोष्टींवर माणसं प्रामाणिकपणे वेगळा निर्णय घेतात. एकदा ठरवलं की दरवर्षी तसंच ठेवा, नाहीतर दोन वर्षांची तुलना करता येणार नाही.

---

काजूबी

काल मामाकडे गेले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सीसी उतारा पाहिला. दिवाळीच्या सुमारास खातं खूप खाली येतं, पण जमेत एकदाही आलेलं नाही. सगळ्यात कमी ४ लाख नावे होतं.

येण्यांची यादीही तारखांसकट काढली. ३१ पैकी २० लाख फेब्रुवारी-मार्चच्या विक्रीचे आहेत, ते ६० दिवसांत बसतात. उरलेले ११ लाख एकाच घाऊक व्यापाऱ्याकडे आहेत, बिलं ऑक्टोबरची. मामा म्हणतो माणूस चांगला आहे, १५ वर्षांची ओळख आहे, देईल. मी विचारलं, सीएंनी यातलं काही बुडीत धरलंय का? नाही धरलेलं. म्हणजे ते ११ लाख नफ्याच्या १२ मध्ये विक्री म्हणून उभे आहेत.

बागायतदार काकांनी व्यापाऱ्याकडच्या फेऱ्यांचं लिहिलं होतं ते मी मामाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, सोमवारी मी स्वतः पुण्याला जातो.

ताई, यंत्रासाठी टर्म लोन वाढवून मागायचं तर बँकेकडे हे विवरण कोणत्या स्वरूपात न्यायचं? उणे ६ वालं दाखवलं तर ते नाही म्हणतील अशी मामीला भीती आहे.

---

लालपेन

उणे ६ वालंच न्या. सोबत तीन कागद जोडा: ३१ मार्चच्या स्टॉकची यादी भावासकट, येण्यांची तारखेवार यादी त्या ११ लाखांसकट, आणि मागच्या दोन वर्षांचा महिन्यावार सीसी उतारा. अधिकारी अनुभवी असेल तर पहिल्या भेटीतच डीलरचे ३ लाख विचारेल. तुमच्या कागदावर ते आधीच वेगळे काढलेले दिसले तर पुढचं बोलणं सोपं जाईल. त्या ११ लाखांचं काय झालं ते मात्र सोमवारनंतर इथे लिही. ते आले नाहीत तर सीएंना नफ्याचा आकडाच पुन्हा बघावा लागेल.